रस्त्याकडे तोंड केलेलं होस्टेल

मोतीलालजींचा फोन आला तेव्हा उषा चौधरी इंदोरच्या आपल्या ऑफिसात एका दवाखान्याच्या जिन्याच्या नकाशाशी झटापट करत बसली होती. फोनवरचा आवाज नेहमीसारखा भरघोस होता.

"उषाबेटी, मिठाई तयार ठेव. तुझ्या होस्टेलला पाच तारे मिळाले. वीज वाचवणाऱ्या इमारतींना देतात ते, दिल्लीकडच्या संस्थेचे. आपल्या अख्ख्या जिल्ह्यात कुणाला नाही मिळाले अजून."

उषाला आधी कळेचना, की कुठलं होस्टेल. मग आठवलं. बुऱ्हाणपूर ते निंबोला रस्त्यावर मोतीलालजी अध्यक्ष असलेल्या शिक्षण संस्थेचं कॉलेज होतं आणि तिथल्या मुलींच्या होस्टेलचे नकाशे तिने केले होते. ती स्वतः बुऱ्हाणपूरची, राजपुऱ्यातली. तिचे वडील गजाननसर त्याच संस्थेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे हे काम तिच्याकडे आपसूक आलं होतं. नकाशे पूर्ण झाले, पायाचं खोदकाम सुरू व्हायचं होतं आणि मोतीलालजींनी तिला गोड शब्दांत सांगितलं होतं की पुढची देखरेख आमची माणसं करतील, तू इंदोरहून कशाला धावपळ करतेस. तेव्हा तिला जरा खटकलं होतं. पण वडिलांच्या ओळखीचं काम, ताणायचं कुठवर, म्हणून ती गप्प बसली.

"बुधवारी कार्यक्रम आहे," मोतीलालजी म्हणाले. "पाटीवर तुझं नाव कोरलंय. वास्तुशिल्पकार म्हणून. गजाननसरांनाही घेऊन ये."

फोन ठेवल्यावर उषा बराच वेळ खुशीत होती, हे खरं. त्या होस्टेलवर तिने जीव लावला होता. बुऱ्हाणपूरचा उन्हाळा तिने लहानपणापासून अंगावर काढलेला. एप्रिल लागला की गच्चीखालच्या खोल्या भट्टीसारख्या होतात आणि रात्री पंखा फिरतो तो फक्त गरम हवा ढवळायला, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवावं लागलं नव्हतं. म्हणून तिने इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवली होती. मोठ्या खिडक्या सगळ्या उत्तरेला, जिथून दिवसभर उजेड येतो पण ऊन जवळपास येत नाही. दक्षिणेला छज्जे, कारण दुपारी सूर्य उंच असतो आणि छज्जा त्याला बाहेरच थांबवतो. पश्चिमेला, जिथलं तिरपं ऊन कुठल्याच छज्ज्याला जुमानत नाही, तिथे खोलीच नाही. जिना, न्हाणीघरं, सामानाची कोठी, म्हणजे ऊन खायचं ते त्यांनी खावं. आणि स्लॅबवर दाट फोमच्या पाट्यांचा जाड थर, त्यावर कोबा, त्यावर पांढऱ्या फुटक्या फरश्या. तो थर असला की स्लॅब दिवसभर ऊन पीत नाही आणि संध्याकाळी ते खालच्या माणसांवर ओकतही नाही.

पाच तारे. तिने आईला फोन करून सांगितलं.

मंगळवारी दुपारीच ती बुऱ्हाणपूरला पोचली. घरी बॅग टाकली, पाणी प्यायली आणि वडिलांची स्कूटी घेऊन निघाली. बुधवारी गर्दीत फोटो नीट निघणार नाहीत, आज निवांत काढू, एवढाच विचार. मे महिन्याचं ऊन होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, आणि प्रत्येक बागेच्या पश्चिम बाजूने हिरव्या जाळीचा किंवा शेवरीचा आडोसा.

कॉलेजचं फाटक आलं आणि तिने स्कूटी थांबवली. होस्टेल समोर उभं होतं, रस्त्याकडे तोंड करून. तिला वाटलं आपण दिशा चुकलो. रस्ता इथे उत्तर-दक्षिण जातो, कॉलेज त्याच्या पूर्वेला, म्हणजे रस्त्याकडची बाजू पश्चिम. तिने सावलीकडे पाहिलं, पुन्हा इमारतीकडे पाहिलं. दिशा बरोबर होती. इमारत फिरलेली होती. तिने उत्तरेसाठी काढलेली ती मोठमोठ्या खिडक्यांची अख्खी बाजू, तीन मजले, पश्चिमेच्या उन्हात झगमगत होती. वर छज्जा नव्हता, कारण उत्तरेला तिने तो दिलाच नव्हता. नकाशा जसाच्या तसा उचलून काटकोनात फिरवला होता.

आणि प्रत्येक खिडकीत आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती.

होस्टेलच्या वॉर्डन सुमनताई दारातच भेटल्या. पन्नाशीच्या, पदर खांद्याला खोचलेल्या, कपाळावर ओला रुमाल. उषाने आपलं नाव सांगितलं तशी त्या क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तुम्ही बनवलं हे?"

"नकाशे मी केले होते."

"मग या. आत या, बघा," सुमनताई म्हणाल्या. त्या आवाजात स्वागत नव्हतं.

तळमजल्यावर दोघींसाठी आखलेल्या खोल्यांत पाच-पाच, सहा-सहा मुली होत्या. परीक्षेचे दिवस. कुणी जमिनीवर ओली चादर टाकून त्यावर बसून वाचत होती, कुणी भिंतीला पाठ लावून पेंगत होती. बाहेर डोळे दिपवणारी दुपार आणि आत सगळ्या ट्यूबलाइट चालू. उषाने पर्समधून उजेड मोजायचं छोटं यंत्र काढलं. फोटोंबरोबर आकडेही घ्यावेत म्हणून ते तिने आणलं होतं. दिवा बंद करून टेबलावर धरलं. वाचायला तीनशे लक्स लागतात. इथे चाळीससुद्धा नव्हते. मग तिने खिडकीतलं एक वर्तमानपत्र सोडवलं. उन्हाची एक लांब पट्टी सरळ टेबलावर, वहीवर आणि समोरच्या मुलीच्या तोंडावर पडली आणि यंत्रावरचा आकडा हजारांत गेला. मुलीने डोळ्यांवर हात धरला.

"लावून टाका मॅडम," ती म्हणाली. "ते काढलं की आग येते आतमधी."

तिचं नाव दीपमाला महाजन, निंबोल्याच्या लीलाधर महाजनांची मुलगी, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. उषाने विचारलं, वरच्या मजल्यावर कोण राहतं.

"कोणीच नाही. होळीनंतर ऊपर कोणी राहतच नाही. पिछले साल राहत होतो, तर आमच्या रूमची अंकिता चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाइन लावून ठेवलं होतं तिला. तेव्हापासून होळी झाली की ताई ताला लावतात."

"मी तर अध्यक्षसाहेबांना तेव्हापासून सांगून राहिली," सुमनताई म्हणाल्या. "कूलर मागितले, तर म्हणाले, बिल वाढेल. आपलं तारांकनाचं वर्ष आहे, विजेचं बिल वाढायला नको. पोरींना समजावा. मी काय समजावू?"

उषाच्या कानात ते वाक्य अडकून बसलं. बिल वाढायला नको. "वर चला," ती म्हणाली.

सगळ्यात वरच्या मजल्याचं कुलूप निघालं तेव्हा आतून जी हवा आली ती तोंडावर कुणी गरम टॉवेल दाबावा तशी होती. कॉरिडॉर, दोन्ही अंगांना रिकाम्या खोल्या, उघड्या लोखंडी खाटा. उषाने दुसरं यंत्र काढलं, लांबून पृष्ठभागाचं तापमान सांगणारं, पिस्तुलासारखं दिसणारं. छतावर रोखलं. सत्तेचाळीस. पुढची खोली, सत्तेचाळीस. त्यापुढची, अठ्ठेचाळीस. स्लॅबवर थर नाही, हे समजायला तिला गच्चीवर जायची गरजही उरली नव्हती. थर असता तर छत खोलीतल्या हवेइतकंच राहिलं असतं. इथे माणसाच्या अंगापेक्षा दहा अंशांनी गरम लादी डोक्यावर टांगलेली होती, आणि तिच्याखाली खाटा मांडलेल्या होत्या.

"त्या कोपऱ्यातल्या रूममधी असं नाही होत," मागून दीपमाला म्हणाली. ती न बोलावता वर आली होती. "ती थंडी रूम आहे. पाहुण्यांची. आम्ही किल्ली मागितली होती पढायला, पण देत नाहीत."

कोपऱ्यातली खोली सुमनताईंनी उघडली. उषाने छत मोजलं. अडतीस. तिला वाटलं, ही खोली पूर्वेकडची आहे, दुपारी इकडे ऊन नसतं, म्हणून असेल. घाईने निष्कर्ष काढायचा नाही म्हणून ती शेजारच्या, तशाच पूर्वेच्या खोलीत गेली. सत्तेचाळीस. पुन्हा कोपऱ्यात आली. अडतीस. मधे फक्त एक भिंत.

मग ती गच्चीवर गेलीच. गच्ची म्हणजे उघडा कोबा, त्यावर कधीतरी मारलेला पांढरा रंग, आता धुळीने मातकट झालेला. आणि एका कोपऱ्यात, बरोबर त्या पाहुण्यांच्या खोलीवर, वीतभर उंच ओटा, पांढऱ्या चकचकीत फरश्यांचा. तिच्या नकाशातला थर, जाडी, उतार, सगळं चोख. एका खोलीपुरतं.

उषा उन्हात त्या ओट्याकडे बघत उभी राहिली. कामात काटछाट होते, हे तिला नवीन नव्हतं. पैसा कमी पडतो, माल मिळत नाही, लोक विसरतात. पण हे विसरणं नव्हतं. काय करायला हवं ते यांना नीट ठाऊक होतं, इतकं ठाऊक होतं की दाखवण्यापुरतं त्यांनी ते करून ठेवलं होतं. तिने त्या ओट्याचे चारही बाजूंनी फोटो काढले.

खाली उतरताना दीपमालाने तिला आणखी एक गोष्ट सांगितली. सांगावी की नाही अशी जरा घुटमळत.

"मॅडम, आमच्या कोर्समध्ये ही बिल्डिंग आहे. शाश्वत विकासाचा एक भाग आहे ना, त्यात. सरांनी प्रोजेक्ट दिलं, आपल्या होस्टेलची हरित वैशिष्ट्यं लिहा. नैसर्गिक उजेड, छताचं इन्सुलेशन, ऊर्जा तारांकन. आम्ही सगळ्यांनी लिहिलं."

"काय लिहिलं?"

"जे सरांनी सांगितलं ते. मार्क पाहिजेत ना." मग ती थोडी चिडून म्हणाली, "माझे बाबा केळीच्या रोपांना पश्चिमेकडून आडोसा लावतात, नाही तर करपून जातील म्हणून. इथे आम्हाला कोणी लावला नाही."

उषाने स्कूटी काढली.

संस्थेचं कार्यालय गावात शनवारा वेशीजवळ होतं. मोतीलालजी पांढऱ्या सदऱ्यात, एसीच्या थंडगार खोलीत उद्याच्या पाहुण्यांच्या हारांची चौकशी करत बसलेले. समोर प्रकाश, संस्थेचा बांधकाम बघणारा इंजिनियर, उषाच्याच वयाचा. ती आत आली तसा तो खुर्चीत जरा सरकला.

"काका, इमारत कुणी फिरवली?" तिने बसायच्या आधीच विचारलं.

मोतीलालजी हसले. "आधी पाणी तर घे. अगं, तुझ्या नकाशात रस्त्याकडे जिना आणि संडास येत होते. येणारा-जाणारा काय बघणार? आपल्या संस्थेने रस्त्याला पाठ दाखवायची का? प्रकाशला म्हटलं, तोंड इकडे कर. तुझ्या खिडक्यांना तर हातही नाही लावला. उलट लोकांना त्या आता दिसतात."

"त्या दिसण्यासाठी नव्हत्या. उत्तरेसाठी होत्या. उत्तरेचा उजेड वाचायला मिळतो, पश्चिमेचं ऊन मिळतं ते भाजायला. मुलींनी पेपर चिकटवलेत आणि भर दुपारी दिवे लावून बसतात. मला एक फोन केला असता तर मी सगळं नव्याने काढून दिलं असतं."

"तेवढा वेळ नव्हता ताई," प्रकाश खाली बघत म्हणाला.

"आणि छतावरचा थर? एका खोलीवर टाकायला वेळ होता."

प्रकाशने मोतीलालजींकडे पाहिलं. मोतीलालजींनी हारांचा कागद बाजूला ठेवला.

"हे बघ बेटी. तपासणीवाले आले, त्यांनी बघितलं, त्यांनी मोजलं, त्यांनी तारे दिले. वर्षभराची वीज भागिले इमारतीचं क्षेत्रफळ, इतकं सरळ गणित आहे. तुझे वडील गणिताचेच. आपली वीज कमी आली. म्हणजे इमारत चांगली. आता तूच म्हणतेस इमारत वाईट. मग आकडा कमी कसा आला?"

"कारण अख्खा उन्हाळा एक मजला तुम्ही कुलूप लावून ठेवता. त्याचं क्षेत्रफळ भागाकारात धरलंय, आणि तेव्हा तिथे वीज जळतच नाही. खाली एका पंख्याखाली सहा मुली झोपवल्यात. कूलर दिले नाहीत. कमी आला तो इमारतीमुळे नाही काका, त्या मुलींनी सोसलं म्हणून आला."

"मुली सोसतात तर काय झालं? आम्ही नाही शिकलो उकाड्यात?"

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. उषाने त्यांच्या डोक्यावरच्या थंड हवेच्या झोताकडे पाहिलं आणि तिला कळलं की या माणसाशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. तिने एवढंच सांगितलं की पाटीवरचं माझं नाव काढा.

"पाटी संगमरवरी आहे," मोतीलालजी म्हणाले. "कोरून झालीय. उद्या ये, हार घे, दोन शब्द बोल. लायब्ररीचं काम निघालंय, तेही तुलाच द्यायचं मनात आहे. गजाननसरांच्या मुलीला नाही द्यायचं तर कुणाला?"

घरी आल्यावर तिने वडिलांना सगळं सांगितलं. गजाननसर ऐकत राहिले. मोतीलालजींशी त्यांचा चाळीस वर्षांचा घरोबा. ते काहीतरी समजुतीचं बोलतील असं तिला वाटलं आणि ती त्यासाठी मनातून तयारही होती. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "भागाकार करताना रिकामा मजला धरायला नियमात परवानगी आहे?"

"नाही. वापरात असलेली इमारत लागते. संस्थेने वर्षभर पूर्ण वापरात आहे असं सांगितलं असणार."

"मग ज्याने मोजलं त्याला विचार. आम्ही उत्तरपत्रिका चुकीची तपासली तर पुन्हा तपासायचो."

ज्याने मोजलं तो नंदकुमार, तारांकन देणाऱ्या संस्थेचा परीक्षक, बुऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या एका हॉटेलात उतरला होता. बुधवारी सकाळी उषा त्याला हॉटेलच्या जेवणघरात भेटली. चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला मऊ माणूस. तिने सांगायला सुरुवात केली तसा तो सावध झाला.

"मॅडम, मी जानेवारीत आलो होतो. तेव्हा सगळे मजले भरलेले होते. मला छत दाखवलं, मी फोटो घेतले. वरची खोली आतून बघितली. विजेची बिलं तपासली. माझ्या बाजूने काही राहिलेलं नाही."

"छताचा कुठला भाग दाखवला?"

त्याने सांगितलं. कोपऱ्यातला. बाकीच्या गच्चीवर त्या दिवशी मंडपाचं सामान पसरलेलं होतं, ताडपत्र्या अंथरलेल्या होत्या.

"आणि तुम्ही त्या उचलून बघितल्या नाहीत."

नंदकुमार चहा ढवळत राहिला. "इतक्या इमारती असतात मॅडम. प्रत्येक ठिकाणी खोदत बसलो तर..."

"मी खोदायला सांगत नाही. आज तीन वाजता माझ्याबरोबर वर या. तुमचंच यंत्र आणा. दोन शेजारच्या खोल्यांची छतं मोजा. त्यानंतर तुम्हाला तारे द्यायचे असतील तर द्या."

तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

कार्यक्रम सकाळी अकराला होता, पण प्रमुख पाहुण्यांची गाडी खंडव्याकडून यायला उशीर झाला आणि होता होता दुपारचे तीन वाजत आले. होस्टेलसमोर मंडप, त्यात मोठाले कूलर, जे मुलींना मिळाले नव्हते. कॉलेजची माणसं, गावातली प्रतिष्ठित मंडळी, निंबोला-चांदनीकडून आलेले मुलींचे आईवडील. मंचामागे फुलांच्या माळांत ती संगमरवरी पाटी, वर पाच पितळी तारे. भाषणं झाली. पर्यावरण झालं, पुढची पिढी झाली. मग मोतीलालजींनी उषाला हार घातला आणि माईक तिच्या हातात दिला.

ती पालकांच्या खुर्च्यांकडे वळली.

"हे होस्टेल मी असं काढलं नव्हतं," ती म्हणाली. "मी काढलं होतं तसं बांधलं असतं तर तुमच्या मुली आज वरच्या मजल्यावर झोपल्या असत्या. वरचा मजला होळीपासून बंद आहे. मी जास्त बोलत नाही. ज्यांच्या मुली इथे राहतात त्यांनी माझ्याबरोबर वर यावं आणि पाच मिनिटं उभं राहून बघावं. नंदकुमारसाहेब, तुम्हीही या."

मोतीलालजींनी माईकसाठी हात पुढे केला. तिने तो त्यांच्या हातात दिला आणि मंचावरून उतरली. प्रमुख पाहुणे घड्याळ बघत होते. ते वर येणार नव्हते हे उघडच होतं. पुढच्या रांगेतलंही कुणी हललं नाही. मग मागच्या खुर्च्यांतून एक उंच, काळासावळा माणूस उठला. गळ्यात गमछा, पायांत चपला. लीलाधर महाजन. पाठोपाठ त्याची बायको, मग आणखी दोघं, मग दहा-बारा जण. सुमनताई किल्ल्या घेऊन पुढे झाल्या.

कॉरिडॉरमध्ये पोचेपर्यंत बायकांनी पदर तोंडाला लावले होते. पश्चिमेच्या एका खोलीत सगळे शिरले. उन्हाचा भलामोठा चौकोन जमिनीवरून खाटेवर चढलेला. लीलाधरने खाटेच्या लोखंडी पट्टीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"इथं तू झोपत होतीस?" त्याने मुलीला विचारलं.

"पिछले साल," दीपमाला म्हणाली.

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, घरी ये, शिक्षण पुरे."

लीलाधरच्या बायकोने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

नंदकुमार दारात उभा होता. वर यायला त्याने वेळ लावला होता, पण आला होता. त्याने आपल्या बॅगेतून यंत्र काढलं आणि कोणाशी न बोलता कोपऱ्यातल्या खोलीचं छत मोजलं, मग शेजारच्या खोलीचं. पुन्हा पहिलीचं, पुन्हा दुसरीचं. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मग तो एकटाच गच्चीवर गेला. तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मला फसवलं गेलं," तो उषाला म्हणाला.

"तुम्ही फसायला तयार होतात," ती म्हणाली. तिला त्याची दया येत नव्हती. "जानेवारीत छत गरम होत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. मे महिन्यात एक फेरी मारली असती तर पुरे होतं."

त्याने मान खाली घातली. नंतर तो मंडपात गेला, मोतीलालजींच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला, आणि टेबलावरचं चौकटीतलं प्रमाणपत्र उचलून स्वतःच्या बॅगेत घातलं. मोतीलालजी हसतच राहिले, कारण फोटोवाला समोर होता. पण त्यांचे कान लाल झालेले उषाला लांबूनही दिसले.

पालकांनी त्याच मंडपात, खुर्च्या आवरल्या जात असताना, मोतीलालजींना घेरलं. आरडाओरडा झाला नाही. लीलाधर म्हणाला, "साहेब, आमच्या पोरी पुढच्या उन्हाळ्यात इथं राहणार, आणि वरच राहणार. त्याच्या आधी छत करा. नाही तर आम्ही सगळे मिळून पोरी काढतो आणि का काढल्या ते कलेक्टरसाहेबांना जाऊन सांगतो." मोतीलालजींनी बघू म्हटलं. "बघू नका," लीलाधर म्हणाला, "करा."

तारांकन रद्द झालं. त्याची बातमी कुठे आली नाही. मिळाल्याची मात्र सगळ्या पेपरांत आली होती. पाटीवरचं उषाचं नाव दिवाळीपर्यंत तसंच होतं. मग तिने वकिलाकरवी नोटीस पाठवली तेव्हा कुठे त्यावर सिमेंट फासलं गेलं. लायब्ररीचं काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं. गजाननसर सकाळी फिरायला जातात तेव्हा मोतीलालजींची मंडळी आता रस्ता बदलतात. त्याबद्दल सर काही बोलत नाहीत, पण फिरायचा रस्ता त्यांनी बदललेला नाही.

छत हिवाळ्यात झालं. प्रकाशने इंदोरला फोन करून पाट्यांची जाडी आणि उतार पुन्हा विचारून घेतला. हा फोन मोतीलालजींना न सांगता करतोय, असं म्हणाला. उषाने त्याला बोलायचं होतं ते सगळं बोलून घेतलं आणि मग नीट समजावून सांगितलं. इमारत काही फिरवता येणार नव्हती. पश्चिमेच्या खिडक्यांबाहेर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून, पालकांनी मिळून बागेची हिरवी जाळी लोखंडी चौकटींवर ताणून लावली. आतला पडदा ऊन खोलीत आल्यावर अडवतो, बाहेरची जाळी ते काचेवर पडायच्या आधीच तोडते, हे उषाने लीलाधरला सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, ते आम्हाला माहीत आहे, तुम्ही फक्त चौकट किती मजबूत लागेल ते सांगा.

पुढच्या एप्रिलमध्ये दीपमालाचा फोन आला. आता त्या वर राहत होत्या, तिघी एका खोलीत.

"पेपर काढले मॅडम. दिवसा लाइट लावावा नाही लागत. छत पण ठीक आहे. पण शामच्या टायमाला पश्चिमेची भिंत तपते, रात्री दहा-ग्यारा बजेपर्यंत गरमच राहते. तिला काय करायचं?"

"भिंत किती जाड आहे? नुसती विटांची ना?"

"मोजून सांगते."

"आणि प्रोजेक्टचं काय झालं तुमच्या? शाश्वत विकासाचं."

"नव्याने लिहिलं," दीपमाला म्हणाली. "छतं मोजली, उजेड मोजला, आधीचं आणि नंतरचं. सरांनी पास केलं, पण मार्क कमी दिले. म्हणाले, हे सिलॅबसच्या बाहेर गेलं."

उषाच्या ओठांवर शिवी आली होती. ती तिने गिळली, टेबलावरचा दवाखान्याचा नकाशा बाजूला सारला आणि पेन्सिल घेतली.

"भिंत मोज," ती म्हणाली. "मी फोन चालू ठेवते."